स्टिअरिंगचे साडेतीन फेरे

स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळतात. या दोहोंमधला दुवा आज बहुतेक मोटारींत रॅक आणि पिनियन ही जोडी सांभाळते. पिनियन म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला असलेले छोटे दातेरी चक्र. रॅक म्हणजे एका अंगाला दाते पाडलेला पोलादी दांडा. तो दोन्ही पुढच्या चाकांच्या मधे, नळीसारख्या आवरणात आडवा बसवलेला असतो. दोघांचे दाते एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे पिनियन फिरले की रॅक डावी-उजवीकडे सरकतो.

रॅकच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंटने एकेक टाय रॉड जोडलेला असतो. त्याचे दुसरे टोक चाक पेलणाऱ्या नकलच्या आखूड भुजेला जोडलेले असते. रॅक सरकताना एका बाजूची भुजा ढकलली जाते, दुसरीकडची ओढली जाते आणि दोन्ही चाके एकाच दिशेला वळतात. वळणाच्या आतल्या चाकाला लहान वर्तुळात फिरायचे असते, म्हणून भुजांची मांडणी अशी करतात की ते बाहेरच्या चाकापेक्षा थोडे जास्त वळते.

स्टिअरिंग किती फिरवावे लागेल, हे या भागांच्या मापांवरून ठरते. एका छोट्या मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्या पिनियनला ७ दाते आहेत आणि दाते जिथे एकमेकांना भिडतात त्या वर्तुळाची त्रिज्या ७ मिलिमीटर आहे. या वर्तुळाचा परीघ सुमारे ४४ मिलिमीटर भरतो. म्हणजे स्टिअरिंगचा एक पूर्ण फेरा झाला की रॅक ४४ मिलिमीटर सरकतो. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत रॅकला सरकायला १५४ मिलिमीटर जागा आहे. १५४ ला ४४ ने भागले की साडेतीन येतात. एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत साडेतीन फेरे लागतात, ते असे.

मधल्या स्थितीपासून रॅक एका बाजूला ७७ मिलिमीटर जातो. नकलची भुजा सुमारे १३४ मिलिमीटर असेल, तर तेवढ्या सरकण्याने चाक जवळपास ३५ अंश वळते. दोन्ही बाजू धरून चाकाचा पल्ला ७० अंशांचा झाला. त्यासाठी स्टिअरिंग साडेतीन फेरे, म्हणजे १२६० अंश फिरले. १२६० भागिले ७० बरोबर १८. हेच स्टिअरिंग गुणोत्तर: चाक एक अंश वळवण्यासाठी स्टिअरिंग सरासरी १८ अंश फिरवावे लागते.

आता याच गाडीत त्याच मापाच्या दात्यांचे, पण ८ दात्यांचे पिनियन बसवले तर एका फेऱ्यात रॅक सुमारे ५० मिलिमीटर सरकेल. फेरे तीनवर येतील आणि गुणोत्तर १६ च्या जरा खाली उतरेल. गाडी हाताला लवकर प्रतिसाद देईल, पण त्याच वळणासाठी हातांना सुमारे १४ टक्के जास्त जोर लावावा लागेल. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांत गुणोत्तर मोठे ठेवावे लागे, ते यामुळेच. मोटर किंवा तेलाचा दाब मदतीला आल्यावर जोराची अडचण राहिली नाही. तरी गुणोत्तर फार कमी करता येत नाही, कारण महामार्गावर हात किंचित हलला तरी गाडी बाजूला झेपावू लागते.

फक्त फेरे मोजून मात्र स्टिअरिंग चपळ आहे की नाही हे ठरवता येत नाही. गुणोत्तर १८ च ठेवून चाकांचा पल्ला ७० ऐवजी ६० अंश केला, तरी फेरे तीनच होतात. अशा गाडीचा हाताला मिळणारा प्रतिसाद तसाच राहतो. उलट तिला वळायला जास्त मोठी जागा लागते आणि अरुंद गल्लीत गाडी पुढे-मागे करावी लागते. म्हणून फेऱ्यांच्या आकड्यासोबत वळणाची त्रिज्याही पाहावी.

काही गाड्यांत रॅकचे दाते मधोमध एका घडणीचे आणि टोकांकडे वेगळ्या घडणीचे असतात. सरळ रस्त्यावर प्रतिसाद संथ आणि पार्किंगमध्ये जलद, असे दोन्ही एकाच रॅकमधून साधता येते.

रॅक झिजतो तो बहुधा मधोमध, कारण गाडी बराच वेळ सरळच धावते. टोकांवरचा रबरी बूट फाटला तर आत धूळ-पाणी शिरून झीज वाढते. मग स्टिअरिंग थोडे हलवले तरी चाके हलत नाहीत. यालाच प्ले म्हणतात. हा प्ले टाय रॉडच्या सैल जॉइंटमुळेही येतो. एकाने स्टिअरिंग हलवावे आणि दुसऱ्याने जॉइंटला हात लावावा. जॉइंट सैल असेल तर खडखड हाताला जाणवते. रॅकला पिनियनवर दाबून धरणारा स्क्रू आवळून झिजलेल्या मध्यभागातला प्ले घालवता येतो. पण टोकांकडचे दाते फारसे झिजलेले नसतात, त्यामुळे स्क्रू जास्त आवळला तर स्टिअरिंग तिथे जड होते आणि वळणानंतर आपसूक सरळ येत नाही. अशा वेळी रॅक बदलणे हाच उपाय उरतो.