पानावरचं गणित, पडद्यावरचं उत्तर

पाठ्यपुस्तकातल्या पानाचा स्क्रीनशॉट म्हणजे संगणकाच्या लेखी नुसतं चित्र. त्यातली मॅट्रिक्स नमपायला कळण्यासाठी प्रत्येक आकडा कोणीतरी बघून टाइप करावा लागतो. उत्तर पुढे चुकलं, तर त्याचं मूळ बहुधा याच टप्प्यात सापडतं. उदाहरणादाखल स्क्रीनशॉटमध्ये अशी तीन एकसामयिक समीकरणं आहेत असं समजू:

```
2x -  y + z = 3
 x + 2y - z = 2
3x +  y + z = 8
```

समीकरणांतले सहगुणक ओळीने मांडले की मॅट्रिक्स `A` तयार होते आणि उजवीकडचे आकडे `b` मध्ये जातात. मांडताना दोन गोष्टी जपाव्या लागतात. पुस्तकात सहगुणक लिहिलेला नसेल तिथे 1 येतो. एखादं चलच समीकरणात नसेल, तर त्याची जागा 0 घालून धरून ठेवावी लागते, नाहीतर पुढचे आकडे एक घर डावीकडे सरकतात.

```python
import numpy as np

A = np.array([[2, -1, 1],
              [1, 2, -1],
              [3, 1, 1]])
b = np.array([3, 2, 8])

x = np.linalg.solve(A, b)
print(x)
print(A @ x)
```

पहिल्या `print` मधून `[1. 2. 3.]` हे उत्तर येतं, म्हणजे x = 1, y = 2, z = 3. दुसऱ्या `print` मध्ये मॅट्रिक्सला या उत्तराने गुणलं जातं आणि 3, 2, 8 हे आकडे परत मिळतात. इथे `@` हेच चिन्ह हवं. `A * x` लिहिलं तरी नमपाय तक्रार करत नाही, पण तो घरागणिक गुणाकार होतो आणि तीन आकड्यांऐवजी तीन ओळी-तीन स्तंभांची मॅट्रिक्स समोर येते. तिची पहिली ओळ 2, −2, 3 अशी असते. या तिघांची बेरीज केली, तरच अपेक्षित 3 मिळतात. ती बेरीज `@` स्वतः करतं.

`A @ x` बरोबर आलं म्हणजे पडताळा झाला असं वाटणं साहजिक आहे, पण ते पुरेसं नाही. अस्पष्ट स्क्रीनशॉटमध्ये दुसऱ्या समीकरणातलं z आधीचं उणे चिन्ह दिसलं नाही आणि −1 ऐवजी 1 टाइप झाला असं धरू. नमपाय आता x = 3.4, y = 0.8, z = −3 असं उत्तर देतो. त्याचा `A @ x` काढला तर पुन्हा 3, 2, 8 हेच येतात, कारण ही तपासणी टाइप केलेल्या मॅट्रिक्सशीच होते आणि पुस्तकाशी तिचा संबंध येत नाही. आकडेमोड निर्दोष, गणित मात्र वेगळंच. दशांश चिन्हातलं उत्तर पाहून शंका यावी, पण पुस्तकातली सगळीच उत्तरं पूर्णांकात नसतात, त्यामुळे त्या शंकेवर विसंबता येत नाही.

हाताने पडताळा करायचा तो याचसाठी, आणि तोही कोडकडे न पाहता, थेट स्क्रीनशॉटवरून. चुकीचं उत्तर पुस्तकातल्या दुसऱ्या समीकरणात घातलं तर 3.4 + 1.6 + 3 म्हणजे 8 येतात. पुस्तकात 2 आहेत. इथे चूक उघडी पडते आणि ती कोणत्या ओळीत आहे हेही कळतं. बरोबर उत्तर घातलं तर 1 + 4 − 3 = 2 होतं. उरलेल्या दोन समीकरणांतही 2 − 2 + 3 = 3 आणि 3 + 2 + 3 = 8 जुळतात.

नमपायच्या उत्तरावर अजिबात न विसंबता गणित सोडवायचं असेल, तर z चा लोप करणं सोपं जातं. तिसऱ्या समीकरणातून पहिलं वजा केलं की x + 2y = 5 मिळतं. पहिल्या दोघांची बेरीज केली की 3x + y = 5. या दोन्हींतून y = 2 आणि x = 1 निघतात, आणि पहिल्या समीकरणात ते घातले की z = 3.

हे एकच उत्तर आहे, याची खात्री निश्चयकाने पटते. पहिल्या ओळीवरून विस्तार केला तर 2 × 3 + 1 × 4 + 1 × (−5) = 5, म्हणजे तो शून्य नाही. `np.linalg.det(A)` मात्र नेमके 5 न दाखवता, पाचाहून किंचित कमी-जास्त अशी लांबलचक दशांश संख्या दाखवू शकतं. संगणक दशांश संख्या मर्यादित अंकांत साठवतो आणि मधल्या भागाकारांत शेवटचे अंक कापले जातात. पाचाच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. शून्याच्या बाबतीत बिघडतं. 1 ते 9 हे आकडे ओळीने भरलेल्या मॅट्रिक्सचा निश्चयक हाताने −3 + 12 − 9 = 0 येतो, पण नमपायमध्ये त्या जागी अतिसूक्ष्म अशी शून्येतर संख्या दिसू शकते. मग `solve` कधी `Singular matrix` म्हणून थांबतं, तर कधी न थांबता प्रचंड मोठे, निरर्थक आकडे देतं. असे आकडे दिसले, की निश्चयक कागदावरच काढून पाहावा.