शनिवारचं भिजवण

पाककलेचे वर्ग घेणाऱ्या बाई व्हिडिओ टाकतात तेव्हा आज पनीर, परवा पुरणपोळी, मग केक असा प्रकार होतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला पदार्थ मिळतो आणि तो निघून जातो. पुन्हा येण्याचं कारणच त्याला कुणी दिलेलं नसतं. दर आठवड्याला परत आणायचं असेल, तर त्याच्या स्वयंपाकघरात काहीतरी अर्धवट ठेवावं लागतं.

समजा, मालिकेचं नाव ‘शनिवारचं भिजवण’. वार नावातच आहे आणि काय करायचं तेही. ‘स्वादाची सफर’सारखं नाव कानाला गोड लागतं, पण ते कोणत्याही वारी, कोणत्याही पदार्थाला चालतं, म्हणून लक्षात राहत नाही. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तीन मिनिटांचा व्हिडिओ येतो: आज रात्री काय भिजवायचं, किती वाट्या. रविवारी सकाळी पाणी काढून कडधान्य फडक्यात बांधायचं, सोमवारी डब्याला उसळ.

पहिला भाग मटकीचाच असावा. रात्रभर भिजली आणि हवा उबदार असली की फडक्यात दिवसभरात मोड दिसू लागतात. नवख्याचाही पहिला प्रयत्न सहसा फुकट जात नाही. सुरुवातीलाच हुलगे घेतले, तर अर्धी मंडळी कंटाळतील.

खरी गंमत पुढच्या शनिवारी. भागाची सुरुवात नव्या कडधान्याने करायचीच नाही. आधी कुणीतरी पाठवलेला सोमवारचा फोटो दाखवायचा. मटकी बुळबुळीत झाली, वास आला? पाणी नीट निथळलं नव्हतं किंवा उकाड्यात पुरचुंडी घट्ट बांधून डब्यात कोंडली होती. मोडच आले नाहीत? थंडीत फडक्यावर जाड पंचा गुंडाळा, आणखी काही तास थांबा. ज्याची मटकी बिघडली तो हे उत्तर ऐकायला हमखास येतो, आणि ऐकता ऐकता मुगाचं मापही कळतं. मांडणी दर वेळी हीच, बदलतं फक्त कडधान्य.

वाल आले की पंचाईत होते. मोड आल्यावर ते कोमट पाण्यात टाकून सोलावे लागतात, आणि सोमवारी सकाळी डब्याच्या घाईत ते कोण करणार? त्यासाठी व्हिडिओ शुक्रवारी हलवण्याचा मोह होतो. हलवू नये. बिरडं सोमवारी रात्रीच्या जेवणाला न्यावं. वार मात्र तोच राहू द्यावा.

मटकी, मूग, चवळी, हरभरा, मसूर, वाटाणा, वाल, हुलगे: आठ भागांत मालिका संपवावी, आणि ते पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. पहिले चार भाग आधीच चित्रित केलेले असावेत; फोटोवरची सुरुवात तेवढी त्या आठवड्यात जोडायची. चाललंय की नाही, हे एकूण किती जणांनी पाहिलं यावरून कळत नाही. चौथ्या सोमवारी फोटो पाठवणाऱ्यांत पहिल्या सोमवारची किती नावं आहेत, ती मोजावीत. फारशी सापडली नाहीत, तर नाव बदलण्याआधी शनिवारी पाचची वेळ बघावी. त्या वेळी लोक बाजारात असतात. कडधान्य घरी नसेल, तर व्हिडिओ रात्री पाहून उपयोग नाही, म्हणून पुढच्या आठवड्याचं नाव आदल्या भागाच्या शेवटीच सांगितलेलं बरं.