हवा हळूहळू जाते तेव्हा

रात्री भरलेली हवा सकाळी निम्मी झाली, तर आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहा. तिथे बुडबुडा आला, तर हवा व्हॉल्व्हमधून जाते आहे. नाहीतर ट्यूब काढून नेहमीपेक्षा जरा जास्त फुगवा, म्हणजे बारीक भोक ताणून उघडतं. घमेल्यातल्या पाण्यात थोडा थोडा भाग बुडवा. नुसते चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसा; त्याच जागी पुन्हा उठेल तो खरा. खूण करून ट्यूब कोरडी करा, हवा सोडा, पॉलिश पेपरने घासा.

सोल्यूशन रबराचंच हवं. झटपट चिकटणारा गोंद कडक होऊन ट्यूब फुगताच तडकतो. पातळ थर द्या आणि पाचेक मिनिटं, बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबा. बहुतेक पॅच सुटतात ते इथल्या घाईमुळेच. पॅच भोकाभोवती सेंटिमीटरभर तरी पसरावा. टायरच्या आतून चिंधी फिरवा. रुतलेली तार तिचा धागा ओढते.