नळीचा निर्णय आणि केसपेपरवरची नोंद

स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात गिळणे मंदावते. रुग्ण घास तोंडातच धरून ठेवतो, पाणी पिताना ठसका लागतो, वजन उतरू लागते. नाकातून नळी घालून अन्न द्यायचे का, हे ठरवायला डॉक्टर घरच्यांना एकत्र बसवतात. त्या तासाभराच्या बोलण्यातून केसपेपरवर अनेकदा एवढेच उरते: ‘नातेवाइकांनी नळी नाकारली.’ ही ओळ अपुरी तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे. वैद्यकीय निर्णयाचा सगळा भार ती घरच्यांवर टाकते.

समजा, ८२ वर्षांच्या आजी वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आहेत. चार महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला, वजन ४८ किलोवरून ३९वर आले. नोंद इथून सुरू व्हावी. तोंड आले आहे का, दात दुखतो का, एखाद्या औषधाने गुंगी येते का, ही बरी होण्यासारखी कारणे तपासल्याचेही लिहावे. मग कोण हजर होते, कोण फोनवर होते आणि डॉक्टरांनी काय सांगितले.

सांगायचे ते स्पष्ट असावे. अशा रुग्णांत नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. लाळ आणि पोटातून वर येणारे अन्न श्वासमार्गात जातच राहते. हे अभ्यास बहुतांशी निरीक्षणावर आधारलेले आहेत, ही मर्यादाही सांगावी. शिवाय रुग्ण नळी ओढू लागला की त्याचे हात बांधले जातात.

घरच्यांची वाक्ये त्यांच्याच शब्दांत उतरवावीत. थोरला मुलगा म्हणतो, “आईला उपाशी मारल्याचं पाप नको.” मुलगी सांगते, “बाबांना नळी घातली तेव्हा आई म्हणाली होती, माझे असे हाल करू नका.” नैतिक विचारात मुलीच्या वाक्याला वजन अधिक, कारण मुलांना काय हवे यापेक्षा आजींनी काय निवडले असते, हे आधी पाहायचे असते. मुलाची भीतीही खोडून न टाकता तिचे उत्तर लिहावे: या टप्प्यावर भूक-तहान बहुधा मंदावते, आणि अन्न बंद होणार नाही. उशाला टेकवून बसवायचे, दाट पेज छोट्या चमच्याने द्यायची, ठसका लागला किंवा तोंड फिरवले की थांबायचे.

आजींनी आधी वैद्यकीय इच्छापत्र केले असेल, तर त्याची प्रत जोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता ते नोटरीसमोरही साक्षांकित करता येते. जीवरक्षक उपचार न देण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय असेल, तर डॉक्टरांच्या दोन मंडळांची प्रक्रिया वेगळी नोंदवावी लागते.

एकमत झाले नाही, तर तेही तसेच लिहावे. दोन आठवडे नळी लावून पाहायचे ठरले, तर कशाला सुधारणा म्हणायचे आणि केव्हा काढायची, हे त्याच दिवशी नोंदवावे. लावलेली नळी काढणे घरच्यांना फार जड जाते. शेवटी पुढच्या बैठकीची तारीख, आणि रात्री ताप चढला तर कोणाला फोन करायचा, हे असावे.