विंचवाच्या विषावर स्टेरॉइड का चालले नाही?

भातकापणीच्या दिवसांत, पेंढ्याचे भारे उचलताना कोकणातला लाल विंचू डंख मारतो. काही वेळातच रुग्णाला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात. पुढे फुप्फुसांत पाणी भरून दम लागतो. १९७६ पासून रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर असे रुग्ण पाहत होते. त्या काळी स्टेरॉइडची इंजेक्शने देण्याची पद्धत होती, तरीही माणसे दगावत.

याचे कारण शरीरातल्या निरोपांच्या दोन रीतींत आहे. विंचवाच्या विषामुळे नसांतून अॅड्रेनॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो. ही संप्रेरके पेशीच्या आत सहसा शिरत नाहीत. रक्तवाहिनीच्या पेशीवर बाहेरच्या बाजूला ‘अल्फा’ नावाचे रिसेप्टर असतात, त्यांना ती चिकटतात. त्याबरोबर आतले कॅल्शियम वाढते आणि रक्तवाहिनी आवळते. हे सगळे सेकंदांत घडते. रक्तदाब चढतो, हृदय थकते.

स्टेरॉइडचा मार्ग वेगळा. ते स्निग्ध पदार्थांत विरघळत असल्याने पेशीच्या आवरणातून सरळ आत जाते. त्याचा रिसेप्टर आतच, इतर प्रथिनांच्या आधाराने थांबलेला असतो. स्टेरॉइड जोडले गेले की तो आधार सुटतो, रिसेप्टर पेशीकेंद्रात जातो आणि डीएनएवर ठरावीक जागी बसून काही जनुके सुरू करतो, काही बंद. मग नवी प्रथिने तयार होतात. त्यामुळे मुख्य परिणाम दिसायला काही तास लागतात. दमा किंवा सांधेदुखीत हाच परिणाम उपयोगी पडतो, कारण सूज वाढवणारी जनुके त्यामुळे शांत होतात.

पण विंचूदंशात आवळलेली रक्तवाहिनी त्याच क्षणी सैल करायची असते, ते स्टेरॉइडला जमत नाही. उलट, स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या नॉरअॅड्रेनॅलिनला अधिक जोराने प्रतिसाद देतात. ट्युनिशियातल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देऊन चाचणी झाली, तिथेही फायदा आढळला नाही.

बावस्करांनी म्हणून रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरली. ती अल्फा रिसेप्टरवर जाऊन बसते, त्यामुळे नॉरअॅड्रेनॅलिनला तिथे जागाच उरत नाही. रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर दंशातले शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. त्यांच्या नोंदींनुसार हे प्रमाण एकाच्या आसपास आले.

मात्र प्राझोसिन विष नष्ट करत नाही. ते काम प्रतिविषाचे. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावस्करांच्याच चाचणीत, दोन्ही दिलेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवरच्या रुग्णांपेक्षा लवकर बरे झाले. ही गोळी रक्तदाब एकदम उतरवू शकते. म्हणून ती घरी घ्यायची नाही. उलट्या, घाम आणि गार हातपाय दिसताच रुग्णाला दवाखान्यात न्यायचे.