सौर पंप घेण्याआधी हेड मोजा

सौर पंपाची चौकशी करताना पहिला प्रश्न असतो, किती एचपीचा घेऊ? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत याचं उत्तर जमिनीवरून ठरलेलं आहे: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यापुढे 7.5 एचपी. पण त्याच 3 एचपीत कमी, मध्यम आणि जास्त हेडचे पंप मिळतात. त्यातला कोणता आपला, हे जमिनीचा उतारा सांगत नाही. ते विहीर आणि पाईपलाईन सांगतात.

जुन्नर भागातली दोन एकर उन्हाळी टोमॅटोची, ठिबकावरची शेती धरू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं तर साधारण चार हजार लिटर लागतं. ऐन उन्हाळ्यात पिकाला दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तर दोन एकरांना चाळीस हजार लिटर झाले. ठिबकातही थोडं वाया जातं, म्हणून 45 हजार धरू. सौर पंप सहा तास नीट चालतो असं मानलं, तर ताशी सरासरी साडेसात हजार लिटरचा प्रवाह हवा. विहिरीला मे महिन्यात तेवढा झरा आहे का, हे आधी बघायचं. झराच नसेल तर मोठा पंप विहीर लवकर कोरडी करील, एवढंच.

आता हेड. पंपाला पाणी एकूण किती उंच ढकलावं लागतं, तो हा आकडा. मे महिन्यात उपसा चालू असताना पाण्याची पातळी जमिनीपासून 16 मीटर खाली जाते. शेताचा वरचा बांध विहिरीपेक्षा 4 मीटर उंच आहे. ठिबकाला एक किलोचा दाब लागतो, म्हणजे 10 मीटर. फिल्टर आणि व्हॉल्व्ह आणखी 5 मीटर खातात. उरलं पाईपचं घर्षण. दुपारी प्रवाह ताशी नऊ-साडेनऊ हजार लिटरवर जातो. दोनशे मीटर लांबीच्या 63 मिलिमीटर पाईपमध्ये त्यासाठी सुमारे 4 मीटर खर्च होतात. पैसे वाचवायला 50 मिलिमीटरचा पाईप टाकला, तर हाच खर्च 10-11 मीटरवर जातो आणि पंप संपेपर्यंत रोज भरावा लागतो. जाड पाईपवर केलेला खर्च म्हणूनच मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. एकूण बेरीज 39, म्हणजे 40 मीटर धरू.

एवढं पाणी एवढ्या उंचीवर न्यायला रोज जवळपास पाच युनिट लागतात. मोटर आणि पंप मिळून निम्म्याहून कमी ऊर्जा पाण्यापर्यंत पोहोचवतात, म्हणून पॅनलकडून अकरा युनिट हवेत. तीन किलोवॉटचे पॅनल चांगल्या उन्हात, धूळ आणि उष्णतेची घट धरून, बारा युनिट देतात. म्हणजे इथे 3 एचपी पुरतो. याच शेतात खोल बोअर असती आणि हेड 80 मीटर असतं, तर त्याच पॅनलवर पाणी निम्मं, जेमतेम एका एकराचं मिळालं असतं.

सकाळी मोटर फिरते, पण पाणी येत नाही, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ऊन कमी असताना कंट्रोलर मोटरचा वेग कमी करतो. वेग सत्तर टक्क्यांवर आला की पंपाची पाणी चढवण्याची ताकद निम्म्यावर येते. पूर्ण वेगात जास्तीत जास्त 60 मीटर चढवणारा पंप तेव्हा 30 मीटरच्याही आत राहतो आणि आपल्याला 40 हवेत. म्हणून हेड अगदी काठावर धरून पंप घेतला, तर पाणी फक्त भर दुपारी मिळतं. उलट 20 मीटर हेडच्या विहिरीवर 70 मीटरचा पंप बसवला, तर पंप आपल्या कामाच्या पट्ट्याबाहेर चालतो, ओव्हरलोडने बंद पडू शकतो, आणि त्याच उन्हात योग्य पंपाने दिलं असतं त्यापेक्षा पाणीही कमी मिळतं.

पॅनलमधून क्षणोक्षणी जास्तीत जास्त वीज काढणं हे कंट्रोलरचं मुख्य काम. विहीर आटली की ड्राय रन ओळखून मोटर थांबवणं हे दुसरं. पंप सारखा ड्राय रन दाखवू लागला, तर कंट्रोलर बिघडला असं समजण्याआधी दोर सोडून पाण्याची पातळी बघा. भर दुपारीही पाणी कमी असेल, तर पॅनलवरची धूळ आणि झाडाची सावली तपासा. पॅनल एका माळेत जोडलेले असल्याने एकावरच्या सावलीचा फटका सगळ्या माळेला बसू शकतो. आणि पुढे कधी माळेत जादा पॅनल जोडायचा मोह झाला, तर कंट्रोलर किती व्होल्ट सोसतो ते आधी बघा, कारण थंडीच्या सकाळी पॅनलचं व्होल्टेज वाढतं.

अर्ज भरण्याआधी मे महिन्यात, उपसा चालू असतानाची पातळी दोराने मोजा आणि हेडची बेरीज कागदावर मांडा. मग पुरवठादाराकडे पंपाचा आलेख मागा आणि तुमच्या हेडला ताशी किती लिटर मिळतात, ते त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. तो दाखवत नसेल, तर सही करू नका.