सर्दी गेली, ढास राहिली

दिवाळीनंतर कड्याच्या बाजारात लाल कांद्याची आवक वाढते, आणि त्याच सुमाराला आष्टी तालुक्यात घरोघरी सर्दी-पडसं फिरायला लागतं. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, नाक आठवड्याभरात मोकळं होतं, पण खोकला हटत नाही. बेडका पडत नाही, नुसती ढास लागते. बोलायला तोंड उघडलं की ठसका, मिरचीची फोडणी पडली की उबळ, अंथरुणाला पाठ टेकली की पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात घरातली माणसं म्हणू लागतात, औषध बदलून बघ.

औषध बदलण्याआधी हा खोकला उठतोय कुठून, हे शोधायला हवं. छाती साफ असेल तर तो बहुधा तीन ठिकाणांहून उठतो: सर्दीने हळवी झालेली श्वासनलिका, नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, किंवा पोटातून वर येणारं आम्ल. यातलं कोणतं, याचा सगळ्यात चांगला सुगावा खोकला केव्हा येतो यावरून लागतो.

किती दिवस वाट बघायची

साधी सर्दी आठवड्यात बरी होते असं आपण धरून चालतो. खोकल्याचं गणित वेगळं आहे. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं, तेव्हा खोकला सात ते नऊ दिवसांत जाईल अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो सरासरी अठरा दिवस टिकत होता. या मधल्या दिवसांतच माणूस घाबरतो, दवाखाना बदलतो आणि नको असलेली अँटिबायोटिकं घेतो.

डॉक्टर तीन आठवड्यांपर्यंतच्या खोकल्याला नवा समजतात, आठ आठवड्यांच्या पुढच्याला जुनाट. मधला, तीन ते आठ आठवड्यांचा खोकला हा बहुतेक वेळा सर्दीचा उरलेला भाग असतो. पण हे गणित लावण्याआधी आपल्याकडे एक पायरी ओलांडावीच लागते.

आधी क्षयाची तपासणी

देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियम साधा आहे: खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की क्षयाची तपासणी करायची. ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम किंवा थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि हंगामभर कारखान्याच्या फडावर, दाटीवाटीच्या कोप्यांमध्ये राहतात. खोकला तिथे लागला तर गावी परतेपर्यंत अंगावर काढू नये. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही हीच तपासणी होते.

कोरड्या खोकल्यात अडचण अशी, की थुंकी येतच नाही आणि माणूस डबीत लाळ टाकून मोकळा होतो. लाळेतून काही कळत नाही. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून जोर लावून खोकावं, म्हणजे नमुना मिळतो. तरीही नाही आला तर छातीचा एक्स-रे काढायला सांगावं. हे दोन्ही स्वच्छ निघालं की मग पुढचा विचार निर्धास्तपणे करता येतो.

हळवी झालेली श्वासनलिका

सर्दीचे विषाणू घशापासून श्वासनलिकांपर्यंतच्या आतल्या नाजूक अस्तराला सोलवटून जातात. विषाणू आठ-दहा दिवसांत संपतात, अस्तर भरून यायला आठवडे लागतात. तोवर त्याखालची मज्जातंतूंची टोकं उघडी पडल्यासारखी असतात. एरवी ज्याची दखलही घेतली नसती असा थंड वारा, उदबत्ती, हसणं किंवा फोनवर लांबलेलं बोलणं त्यांना पुरतं. त्यात प्रत्येक जोरदार खोकल्याने स्वरयंत्राला पुन्हा धक्का बसतो, म्हणून खोकलाच पुढच्या खोकल्याला कारण होतो.

इथे अँटिबायोटिक काम करत नाही, कारण मारायला जंतूच उरलेला नसतो. कामाला येतात त्या साध्या गोष्टी. उबळ येतेय असं वाटताच तोंड मिटून घोट गिळावा, कोमट पाण्याचे एक-दोन घोट घ्यावेत आणि नाकाने सावकाश श्वास घ्यावा. पहिले काही दिवस हे जमत नाही, मग जमू लागतं. रात्री चमचाभर मध चाटल्याने घसा शांत होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात द्यायचा नाही. घरात चुलीवर तुराट्या किंवा गोवऱ्या जळत असतील तर या काळात चुलीपुढे दुसऱ्या कुणी बसावं. मिश्री आणि विडी बंद ठेवावी.

या गटात एक वेगळा खोकला मिसळलेला असतो. पहाटे झोपेतून उठवणारा, छातीत सुंसूं आवाज करणारा, चालल्यावर दम लावणारा खोकला दम्याचा असू शकतो. काही जणांत दमा फक्त खोकल्याच्या रूपानेच दिसतो, घरघर होतच नाही. त्याला फुंकून करायची श्वासाची चाचणी लागते आणि पंपाचं औषध लागतं. कफ सिरपने तो जात नाही. उबळीवर उबळ येऊन शेवटी श्वास ओढला जात असेल किंवा उलटी होत असेल, तर डांग्या खोकल्याची शंका घ्यावी. तो मोठ्यांनाही होतो.

नाकामागून उतरणारा शेंबूड

नाक पुढून वाहायचं थांबलं म्हणजे सर्दी संपली असं नाही. सूज आतच राहिली तर स्राव मागच्या बाजूने घशात उतरत राहतो. अशा माणसाला सारखा घसा खाकरावा लागतो, घशात काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं, आणि खोकला आडवं झाल्यावर किंवा सकाळी उठल्यावर जास्त येतो. टॉर्च लावून बघितलं तर घशाची मागची भिंत दाणेदार दिसते, कधी तिच्यावरून ओघळही दिसतो.

याला मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात पाव ते अर्धा लहान चमचा मीठ घालावं; जलनेतीचं पात्र असेल तर उत्तम, नाहीतर औषधाच्या दुकानात बाटली मिळते. पाणी उकळलेलंच हवं, बोअरचं किंवा नळाचं तसंच वापरू नये. जोडीला डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा देतात. तो मारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे धरू नये, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला धरावं. त्याचा गुण यायला दोन आठवडे लागू शकतात आणि नेमके त्याआधीच लोक तो सोडून देतात. नाक झटकन मोकळं करणारे थेंब ही वेगळी गोष्ट. ते पाच दिवसांच्या वर वापरले की नाक उलट जास्त चोंदतं.

सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी हा खोकला कमी होतो, पण त्यांनी गुंगी येते. त्या रात्रीच घ्याव्यात आणि घेतल्यावर मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये. लघवीला अडखळत होणाऱ्या वयस्कर पुरुषांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पोटातून वर येणारं आम्ल

जेवण झाल्यावर, वाकून काम करताना किंवा जेवून लगेच झोपल्यावर खोकला येत असेल तर पोटाकडे बघावं. छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि सकाळी बसलेला आवाज ही त्याची साथीदार लक्षणं. आम्ल घशापर्यंत आलंच पाहिजे असंही नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, त्यामुळे खाली झोंबलं तरी वर ढास उठू शकते.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवावं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उचलावी. नुसत्या जास्त उशा घेतल्याने पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. जळजळ असेल तर आम्लाची गोळी उपयोगी पडते. जळजळ मुळीच नसताना फक्त खोकल्यासाठी ती महिनोन्महिने घेण्यात फारसा अर्थ नाही. हा खोकला सावकाश उतरतो, दोन-तीन महिनेही लागतात.

एक उदाहरण

कड्याजवळ कांदा निवडायला जाणारी पंचेचाळिशीची बाई डोळ्यांसमोर आणू. ही कुणी एक खरी व्यक्ती नाही, दवाखान्यात नेहमी दिसणारी लक्षणं इथे एकत्र केली आहेत. सर्दीला चार आठवडे झालेत. दोन सिरपं संपलीत, पाच दिवस अँटिबायोटिक झालंय, गुण नाही. थुंकी आणि एक्स-रे स्वच्छ आहेत. वजन तेवढंच आहे, ताप नाही.

आता वेळ विचारायची. झोपल्या झोपल्या उबळ येते, सकाळी खाकरावं लागतं. कांद्याची सुकी सालं उडायला लागली की ढास वाढते. जेवण साडेनऊला आणि दहाला अंथरुणावर. घसा दाणेदार दिसतो. म्हणजे नाक, धूळ आणि कदाचित पोट, तिन्हींचा हात आहे.

इथे सगळी औषधं एकदम सुरू करायचा मोह होतो. मला ते चुकीचं वाटतं, कारण गुण कशाने आला ते कधीच कळत नाही आणि सगळीच औषधं चालू राहतात. म्हणून आधी फक्त नाक: कामावरून आल्यावर मिठाच्या पाण्याने धुणं, रोज फवारा, आणि काम करताना तोंडा-नाकाला घट्ट रुमाल किंवा मास्क. सहाव्या आठवड्याला सकाळचं खाकरणं जवळपास थांबतं, पण झोपतानाची उबळ निम्मीच कमी होते. मग जेवण सातला आणि पलंगाखाली विटा. आठव्या आठवड्याला झोप सलग लागते. फोडणीचा ठसका तेवढा उरतो, तो हळव्या अस्तराचा असतो आणि औषधाविना ओसरतो.

आठ आठवड्यांनंतरही राहिला तर

मग आधी रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट बघावं. एनालाप्रिल, रामिप्रिल अशा 'प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्यांनी काही जणांना कोरडी ढास लागते, आणि ती गोळी सुरू झाल्यावर महिन्यांनीही लागू शकते. ही गोळी स्वतःहून बंद करू नये, रक्तदाब भडकेल. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं. दुसऱ्या गटातली गोळी मिळते आणि ढास बहुधा एक ते चार आठवड्यांत जाते, क्वचित तीन महिने घेते. गोळीचा संबंध नसेल तर श्वासाची चाचणी आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी करून घ्यावी. त्यात कानही बघायला सांगावा: काही लोकांच्या कानातल्या मळाचा खडाच खोकल्याचा मज्जातंतू चाळवत असतो, आणि तो काढला की खोकला थांबतो.